कृषी प्रदर्शनात स्टॉल लावताना: मराठवाड्यातल्या छोट्या अवजार कारखानदारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाळूज, चिकलठाणा, जालना, लातूर इथल्या छोट्या वर्कशॉपमधून पेरणी यंत्रं, कोळपणी यंत्रं, फवारणीचे पंप असं काहीबाही बनतं आणि हिवाळ्यातल्या प्रदर्शनांत त्यांचे स्टॉल लागतात. पुढचे प्रश्न अशा मालकांचे आहेत. उदाहरणासाठी सगळीकडे एकच कारखाना धरला आहे: वाळूजमधलं वर्कशॉप, माल ट्रॅक्टरचलित पेरणी यंत्र, क्षमता महिन्याला 15 यंत्रं, आणि जानेवारीत छत्रपती संभाजीनगरला भरणारं चार दिवसांचं प्रदर्शन. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. तुमचे तुम्ही टाका.

स्टॉल बुक करायच्या आधी काय ठरवायचं?

किती यंत्रं विकायची, कोणाला विकायची आणि कोणत्या तालुक्यांत विकायची, एवढं. “नाव व्हावं म्हणून स्टॉल घेतला” असं पुष्कळ जण सांगतात. नाव होतंही, पण मे महिन्यात त्या नावावर एक चेसिससुद्धा बाहेर पडत नाही.

हिशेब कारखान्यापासून सुरू करा. आपल्या वर्कशॉपला फेब्रुवारी ते मे असे चार महिने मिळतात, म्हणजे 60 यंत्रं. मृग लागला की पेरणी यंत्राची मागणी उभी राहते, पण त्या वेळी ऑर्डर घेऊन उपयोग नाही. माल त्याआधी गावात पोचलेला हवा. जुने डीलर 25 यंत्रं उचलतात असं धरलं तर 35 उरतात. आता लक्ष्य असं लिहा: “भोकरदन, मंठा, जिंतूर, सेलू आणि माजलगाव या पाच तालुक्यांत आपला माणूस नाही. तिथे एकेक डीलर नेमायचा आणि प्रत्येकाने सुरुवातीला तीन यंत्रं घ्यायची, म्हणजे 15. उरलेली 20 थेट शेतकऱ्यांना.” हे कागदावर आलं की स्टॉलवर कोणाशी दहा मिनिटं बोलायचं आणि कोणाला पत्रक देऊन रामराम करायचा, हे उभ्या असलेल्या पोरालाही कळतं.

किती चौकश्या गोळा करायच्या? जितक्या जास्त तितक्या चांगल्या ना?

नाही. पुढच्या सात दिवसांत जितके फोन होतील तितक्याच. या पानावरचं दुसरं काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, पण हे राहू द्या.

एक माणूस नीट बोलून, नोंद करून, कोटेशन पाठवून दिवसाला साधारण 20 फोन करतो. सहा दिवसांत 120. गिऱ्हाईक पहिल्या फोनला क्वचितच ठरवतं, म्हणून माणशी दोन फोन धरा. डीलर चारांतून एक तयार होतो असं मानलं, तर पाच डीलरसाठी 20 जणांशी बोलणं आलं. त्यात 40 फोन गेले. उरले 80, म्हणजे 40 शेतकरी. पाचांतून एकाने बुकिंग केलं तर आठ यंत्रं. लक्ष्य तर 20 चं होतं.

इथे दोनच वाटा आहेत. लक्ष्य आठवर आणा, नाहीतर फोनला दुसरा माणूस बसवा. दुसरा माणूस आला की एकूण 240 फोन होतात. डीलरचे 40 वजा करून 200, म्हणजे 100 शेतकरी आणि 20 बुकिंग. आता आकडा जुळला. म्हणून आपल्या उदाहरणात गोळा करायच्या पक्क्या चौकश्या 120: शंभर शेतकरी, वीस डीलर. दिवसाला 30. दहा मिनिटांचं एक बोलणं धरलं तर पाच तास होतात, तेवढं दोघांना सहज झेपतं.

चारात एक, पाचात एक ही प्रमाणं अंदाजाची आहेत. गेल्या वर्षीची वही असेल तर त्यातून तुमची काढा.

खर्चाचा हिशेब कसा मांडायचा?

समजा तीन बाय तीन मीटरच्या स्टॉलचं भाडं 45,000 रुपये. त्यावर 18 टक्के जीएसटी, 8,100. यंत्राची ने-आण, माणसांचं जेवणखाण, फ्लेक्स, छपाई मिळून 36,900. झाले 90,000. (भाड्याचं बिल आपल्या जीएसटी नंबरावर मागून घ्या, क्रेडिटचा हिशेब सीए बघेल.) 120 चौकश्यांनी भागलं तर एकेक भरलेला कागद 750 रुपयांना पडतो. हा आकडा स्टॉलवरच्या सगळ्यांना सांगून ठेवा. मग चहाचा कप त्या कागदावर कोणी ठेवत नाही.

स्टॉल कसा मांडायचा?

टेबल आडवं लावून मागे खुर्च्या टाकून बसू नका. टेबल बाजूला सरकवा, यंत्र अगदी कडेला आणा, म्हणजे येणारा माणूस थेट यंत्राला हात लावेल. जड यंत्र आत न्यायची वेळ आयोजक बहुतेक आदल्या दिवसापर्यंतच देतात. गेटपास, वीजजोडणी आणि ट्रॉली उतरवायची जागा आधी विचारून ठेवा.

मैदानात पेरून दाखवता येत नाही, पण दाणा पडताना दाखवता येतो. यंत्र लाकडी ठोकळ्यांवर इतकं उचला की जमिनीवरचं चाक मोकळं फिरेल. पेटीत मूठभर सोयाबीन टाका, खाली पांढरं पोतं अंथरा आणि गिऱ्हाइकाच्याच हाताने चाक एक फेरा फिरवा. दाणे पोत्यावर टपटप पडतात. ते मोजायला लावा. चाकाच्या घेराला एका दातातून पडलेल्या दाण्यांच्या संख्येने भागलं की ओळीतल्या दोन दाण्यांतलं अंतर निघतं. मग तबकडी बदलून हरभरा टाका. शेतकरी खाली वाकून फुटका दाणा शोधतो, कारण बियाणं फुटण्याचा धसका त्याला असतोच. तो वाकला की समजा, याच्याशी बोलायचं आहे. नुसता व्हिडिओ लावलेल्या स्टॉलवर गर्दी होते खरी; पण तिथे कोणी वाकत नाही.

नोंद कशात करायची: वहीत, मोबाइलवर की व्हिजिटिंग कार्ड घेऊन?

नंबर छापलेल्या डुप्लिकेट पावती पुस्तकात. प्रदर्शनाच्या मैदानात दुपारी नेटवर्क कोलमडतं, गुगल फॉर्म फिरत बसतो आणि शेतकरी पुढच्या स्टॉलला जातो. पुस्तक कधी बंद पडत नाही. वरचा कागद आपल्याकडे, कार्बनची प्रत गिऱ्हाइकाकडे. त्या प्रतीवर आपलं नाव, मोबाइल आणि यंत्राची किंमत असते, त्यामुळे ती पत्रकापेक्षा जास्त दिवस खिशात राहते. पानांना नंबर असल्यामुळे संध्याकाळी 47 नंतर 49 आलं तर 48 कुठे गेलं हे लगेच विचारता येतं.

पान गिऱ्हाइकाला भरायला देऊ नका. आपल्या माणसाने बोलता बोलता भरायचं. रकाने एवढेच:

नाव, मोबाइल, गाव आणि तालुका.
ट्रॅक्टर किती एचपीचा. स्वतःचा की भाड्याचा.
पीक आणि एकर.
कधी घ्यायचं: या महिन्यात, उन्हाळ्यात की नुसती माहिती.
महाडीबीटी: अर्ज नाही, अर्ज केला, निवड झाली, पूर्वसंमती आली.
पुढे काय ठरलं, आणि फोनची वेळ.
कोपऱ्यात अ, ब किंवा क.

सगळ्यात मोलाचा रकाना “पुढे काय ठरलं” हा. तिथे “फोन करणे” असं लिहून काही होत नाही. “45 एचपीला नऊ दात चालेल का, उत्तर द्यायचं; मोठ्या भावाला विचारून सांगणार; रविवारी सकाळी” असं लिहा. चार दिवसांत शंभर चेहरे एकमेकांत मिसळतात. फोन लावताना तुम्हाला आठवण द्यायला हेच एक वाक्य असतं.

मोबाइल नंबर लिहून झाला की तिथल्या तिथे मिस्ड कॉल द्या. आकडा चुकला असेल तर लगेच कळतं. आणि “काका, हा नंबर वाळूज पेरणी यंत्र म्हणून सेव्ह करा बरं” असं म्हणत सेव्ह करून घ्या. व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट लिस्टमधला मेसेज, ज्याच्या मोबाइलमध्ये तुमचा नंबर सेव्ह आहे त्यालाच पोचतो. शिवाय अनोळखी नंबर दिसला की आजकाल निम्मे लोक फोन उचलतच नाहीत.

पानाच्या तळाशी “माहितीसाठी फोन आणि व्हॉट्सअ‍ॅप चालेल” असं छापून सही घ्या. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा 2023 चा कायदा संमतीवरच उभा आहे. ही यादी दुसऱ्या कंपनीला द्यायची नाही, हेही त्यात आलंच.

लकी ड्रॉची पेटी ठेवली तर भरपूर नंबर मिळतात. ठेवू का?

कुकर हवा असलेल्यांचे नंबर मिळतील. ठेवू नका.

अ, ब, क कसं ठरवायचं?

गोड बोलण्यावरून ठरवायचं नाही. तीन गोष्टी बघा: ट्रॅक्टर आपल्या यंत्राला चालतो का, घ्यायची वेळ या हंगामाची आहे का, आणि पैशाची वाट ठरली आहे का. तिन्ही असतील तर अ, दोन असतील तर ब, बाकी क.

डीलरला वेगळी फुटपट्टी. त्याचं दुकान कोणत्या गावात आहे, आत्ता कोणती अवजारं विकतो, दुरुस्तीला स्वतःचा वेल्डर आहे का, आणि पहिली तीन यंत्रं रोखीने घेणार की “विकलं की देतो” म्हणणार? शेवटच्या उत्तराला अ देऊ नका, मग दुकान कितीही मोठं असो.

प्रत्येक जण “अनुदानात बसतं का?” विचारतो. काय सांगायचं?

खरं ते. महाडीबीटीवर अर्ज, निवड, कागदपत्रं, पूर्वसंमती, मग खरेदी, बिल अपलोड, मोका तपासणी आणि शेवटी खात्यात पैसे, असा तो क्रम आहे. पूर्वसंमती येण्याआधी यंत्र घेतलं तर अनुदान जातं. म्हणून “आज बुक करा, अनुदान नंतर बघू” असं कोणाला सांगू नका. असा एक माणूस गावभर तुमचं नाव खराब करतो. तुमच्या मॉडेलचा मान्यताप्राप्त संस्थेचा तपासणी अहवाल असेल तर त्याची प्रत स्टॉलवर टांगा. नसेल तर “आमचं यंत्र सध्या अनुदानात नाही” हे पहिल्याच मिनिटाला सांगा. निम्मे लोक निघून जातील आणि तुमची दहा-दहा मिनिटं वाचतील.

पानावर “पूर्वसंमती आली” अशी खूण असलेला शेतकरी मात्र सगळ्यांच्या आधी. त्याला खरेदीसाठी मुदत असते, ती टळायच्या आत तो कोणाचं तरी यंत्र घेणारच आहे.

किमतीचं एक बघून घ्या. 22 सप्टेंबर 2025 पासून पेरणी यंत्रासारख्या अवजारांवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला आहे. जुन्या छापलेल्या दरपत्रकाचा गठ्ठा उरला असेल तर तो स्टॉलवर नेऊ नका.

संध्याकाळी दमून जातो. त्याच दिवशी काय करणं अगदी गरजेचं आहे?

अर्ध्या तासाचं काम आहे. पानांचे नंबर जुळवा, सगळ्या पानांचे फोटो काढा, आणि अ असलेल्यांना मेसेज टाका. मेसेज असा:

“रामराम काका. आज प्रदर्शनात आपलं पेरणी यंत्राबद्दल बोलणं झालं. तुमचा 45 एचपीचा ट्रॅक्टर, 12 एकर सोयाबीन. नऊ दाती यंत्राचा फोटो सोबत आहे. ठरल्याप्रमाणे रविवारी सकाळी 8 वाजता फोन करतो.”

“आमच्या स्टॉलला भेट दिल्याबद्दल धन्यवाद” असले सजवलेले मेसेज त्या रात्री त्याला आणखी दहा येतात. त्याच्या ट्रॅक्टरचा एचपी लिहिलेला एकच येतो.

फॉलोअपचा आठवडा दिवसावार कसा असावा?

प्रदर्शन रविवारी संपलं असं धरू. सोमवारचा दिवस वर्कशॉपला देऊ नका. चार दिवस मालक जागेवर नव्हता म्हणून सोमवारी सगळे प्रश्न घेऊन उभे असतात. तिथेच आठवडा हातातून निसटतो. फोरमनला आधी सांगून ठेवा की सोमवारी फक्त आग लागली तरच बोलवायचं.

सोमवारी सकाळी सगळी पानं एका शीटमध्ये चढवा. मग पूर्वसंमती आलेले आणि अ वर्गातले शेतकरी घ्या. मंगळवारी डीलर. बुधवारी आणि गुरुवारी ब वर्गाचे फोन, आणि अ वर्गात ज्यांनी उचलला नाही त्यांना पुन्हा. शुक्रवारी गाडी काढा. तयार वाटणारे डीलर एका रस्त्यावर येतील असे निवडा: जालन्याहून मंठा, तिथून जिंतूर, सेलू असा एक फेरा दिवसात होतो. दुकान डोळ्याने बघितल्याशिवाय डीलरशिप देऊ नका. शनिवारी दुसरे फोन, आणि रविवारी यादी बंद करायची. क वर्गाला फोन नाही, एक मेसेज पुरे.

फोनची वेळ कामाप्रमाणे बदला. शेतकऱ्याला सकाळी 7 ते 9 किंवा अंधार पडल्यावर. शेतीची वीज रात्रपाळीला असेल तर तो पहाटेपर्यंत पाणी देत असतो. त्या आठवड्यात सकाळचा फोन म्हणजे शिवी. पानावर वेळ विचारून लिहायची ती याचसाठी. डीलरला दुकान उघडून झाडलोट झाल्यावर, 11 नंतर. त्याच्या गावच्या आठवडी बाजाराचा दिवस टाळून.

फोनवर सुरुवात कशी करायची? “घेणार का?” विचारायला संकोच वाटतो.

तो प्रश्न पहिल्यांदा विचारूच नका. पानावरचं वाक्य वाचा आणि तिथून पुढे चला.

“काका, रामराम. वाळूजहून बोलतोय, पेरणी यंत्रवाला. तुम्ही पोत्यावरचे दाणे मोजले होते बघा.”
“हां हां, बोला की.”
“45 एचपीला नऊ दात चालेल का विचारलं होतंत. चालतंय, पण तुमची जमीन भारी काळी म्हणालात, तर ओलीत सात दातांनी ओढायला सोपं जाईल. मोठ्या भाऊंशी बोलणं झालं का?”

आता तो भावाचं मत सांगतो, किंवा किंमत काढतो, किंवा “पुढच्या साली बघू” म्हणतो. तिन्हींपैकी काहीही आलं तरी पानावर लिहिण्यासारखं मिळालं. किंमत काढली तर त्याच दिवशी एका पानाचं कोटेशन पाठवा: मॉडेल, दात, जीएसटीसह किंमत, गावपोच भाडं, अ‍ॅडव्हान्स किती, माल कोणत्या तारखेला आणि हा दर कधीपर्यंत. तारीख नसलेलं कोटेशन लोक मे महिन्यात पुढे करतात, तोवर लोखंडाचा भाव बदललेला असतो.

जिथे आपला डीलर आधीच आहे त्या तालुक्यातला शेतकरी आला तर?

चौकशी त्या डीलरची. त्याच संध्याकाळी पानाचा फोटो त्याला पाठवा. पण पाठवून विसरू नका; पाचव्या दिवशी शेतकऱ्यालाच फोन करून विचारा, “दुकानातून फोन आला होता का?” नाही म्हणाला तर डीलरला आठवण द्या आणि दोन दिवसांत हालचाल झाली नाही तर स्वतः पुढे व्हा.

स्टॉलवर डीलरच्या दरापेक्षा कमी दर सांगण्याचा मोह होतो, कारण कमिशन वाचतं. चार दिवसांच्या विक्रीसाठी वर्षभराचं दुकान तुटतं. प्रदर्शनाची सूट द्यायचीच असेल तर गावपोच भाडं माफ करा किंवा एक जादा तबकडी द्या, आणि डीलरला ते आधी कळवा.

फॉलोअप बिघडतंय हे आठवड्याच्या आतच कसं ओळखायचं?

बुधवारी रात्री शीट उघडा. अ वर्गातल्या प्रत्येकाशी एकदा तरी बोलणं झालेलं हवं. “उचलला नाही” असं एक तृतीयांशाहून जास्त ओळींत असेल तर वेळ चुकते आहे किंवा नंबर सेव्ह करून घेतलेले नाहीत. दुसऱ्या वेळेला, आधी मेसेज टाकून लावा. “विचार करून सांगतो” सगळीकडे दिसत असेल तर फोन करणारा पुढची तारीख मागत नाहीये. आणि “कोण बोलतंय?” असं बहुतेक जण विचारत असतील तर स्टॉलवर अ देताना हात सैल सुटला होता, त्यातले निम्मे ब मध्ये टाका आणि वेळ वाचवा.

सातव्या दिवशी उरलेल्या चौकश्यांचं काय?

प्रत्येक ओळीपुढे चारांपैकी एकच लिहायचं: अ‍ॅडव्हान्स आला, पुढची तारीख ठरली, डीलरकडे दिली, बंद. “बघू” हा पाचवा रकाना ठेवायचा नाही. बंद लिहिताना कारण एका शब्दात टाका: किंमत, अनुदान, एचपी, दुसरं घेतलं. आपल्या उदाहरणात 120 पैकी समजा 30 बंद झाले आणि त्यातल्या 14 पुढे “एचपी” लिहिलेलं आहे, तर छोट्या ट्रॅक्टरसाठी पाच दाती मॉडेल काढायचं का, याचा विचार वर्कशॉपमध्ये करता येतो.

“उन्हाळ्यात घेईन” म्हणालेल्यांची तारीख एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातली टाका, जूनची नाही. सोयाबीन-हरभऱ्याचे पैसे तोवर हातात खेळत असतात, आणि तुमच्याकडेही बनवायला दोन महिने उरतात.